क्लायंट रिव्ह्यूच्या आधी टीमकडून स्टेटस कसं मागायचं

आयटी सर्व्हिसेसमध्ये नव्याने टीम कोऑर्डिनेशनचं काम मिळालं की पहिल्याच आठवड्यात हे अंगावर येतं: गुरुवारी संध्याकाळी क्लायंट रिव्ह्यू आहे, सगळ्यांकडून स्टेटस गोळा कर. बहुतेक जण ग्रुपवर ‘प्लीज अपडेट द्या’ एवढंच टाकतात. मग उत्तरं येतात ती अशी: ‘चालू आहे’, ‘ऑलमोस्ट डन’, ‘90 टक्के झालंय’. यातल्या एकाही उत्तरावरून क्लायंटला तारीख सांगता येत नाही. टक्क्यांवर तर मी अजिबात भरवसा ठेवत नाही. उरलेल्या दहा टक्क्यांतच टेस्टिंग, रिव्ह्यू कमेंट्स आणि दुसऱ्या टीमची परवानगी असं सगळं अडकलेलं असतं. किती झालं हे विचारण्यापेक्षा काय उरलंय आणि कधी होणार, हे विचारावं.

म्हणून मेसेजमध्ये फॉरमॅट द्यायचा, आणि तोही एक ओळ स्वतः भरून. कॉलमची नुसती नावं दिली तर प्रत्येक जण आपापल्या परीने अर्थ लावतो. भरलेली ओळ समोर असली की माणूस तिच्याच खाली तशीच दुसरी ओळ लिहितो. माझा मेसेज साधारण असा असतो:

‘गुरुवारच्या रिव्ह्यूसाठी आपापल्या तिकिटांचं स्टेटस बुधवारी संध्याकाळी 5 वाजेपर्यंत (भारतीय वेळ) मला पर्सनल चॅटवर पाठवा. एका तिकिटाला एक ओळ. उदाहरणार्थ: इन्व्हॉइस प्रिंट – क्यूएकडे टेस्टिंग सुरू – तारीख 12 होती, आता 14 – क्लायंटकडून टॅक्सचा नमुना यायचाय, सोमवारी मेल केलाय. 5 नंतर जिरावर जे असेल तेच स्लाइडवर जाईल.’

जुनी आणि नवी अशा दोन्ही तारखा मुद्दाम मागते. नुसती 14 लिहिली तर ती मुळातली तारीख की सरकलेली, हे मला कळत नाही. क्लायंटकडे मात्र मागच्या रिव्ह्यूचे मिनिट्स असतात, त्यामुळे त्यांना ते लगेच कळतं. अडथळा लिहिताना कोणाकडे अडलंय आणि त्यांना कधी कळवलं, हेही हवं. ‘क्लायंटवर डिपेंडन्सी’ एवढंच वाचलं की पलीकडून हमखास प्रश्न येतो, ‘आम्हाला कधी सांगितलंत?’

आता वेळेचं. क्लायंट न्यूयॉर्कला असेल आणि रिव्ह्यू त्यांच्या सकाळी 10 ला असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे 7:30 वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तोच कॉल 8:30 ला येतो. कटऑफ ठरवताना तिथून उलटं मोजत यायचं. मॅनेजरना स्लाइड्स दुपारी 4 पर्यंत हव्यात, त्या बनवायला दीड-दोन तास लागतात, आणि शंका असलेल्या ओळी विचारायला गुरुवारची सकाळ मोकळी हवी. म्हणून बुधवारी 5. ‘ईओडी’ असं लिहू नका. कोणाचा ईओडी सहाला असतो, कोणाचा रात्री बाराला, आणि ऑनसाइट बसलेल्याचा आपल्या पहाटे.

गुरुवारची ती सकाळ कशाला लागते, ते सांगते. एकदा एका ओळीत आलं: ‘रिपोर्ट एक्सपोर्ट – डन’. मी एवढंच विचारलं, ‘आत्ता कुठल्या एन्व्हायर्नमेंटवर आहे?’ उत्तर आलं, ‘डेव्हवर. यूएटीचं डिप्लॉयमेंट शुक्रवारी रात्री.’ डेव्हलपरच्या दृष्टीने काम खरंच संपलं होतं, कोड मर्ज झाला होता. पण क्लायंटने स्लाइडवर ‘डन’ वाचलं असतं तर कॉल चालू असतानाच यूएटी उघडून बघितलं असतं. स्लाइडवर मी लिहिलं, ‘डेव्हलपमेंट पूर्ण, यूएटीवर शनिवारपासून उपलब्ध’. तेव्हापासून ‘डन’ आलं की हा प्रश्न मी विचारतेच.

पर्सनल चॅटवर मागण्याचं कारणही तसंच. ग्रुपमध्ये मॅनेजर असतात, आणि त्यांच्यासमोर ‘माझं अडलंय’ असं लिहायला नवा मुलगा कचरतो. मग स्टेटस हिरवं येतं आणि रिव्ह्यूच्या तासभर आधी फोन येतो. सीनियरकडून मागताना मात्र नुसती आठवण पुरत नाही. ‘सर, तुमच्या तीन ओळी मी जिरावरून भरल्यात, फक्त तारखा बघून घ्याल का?’ असं विचारलं की दहा मिनिटांत उत्तर येतं.

बुधवारी 3 ला एकच रिमाइंडर, तोही फक्त राहिलेल्यांना. 5 नंतर आलेली बारीकसारीक सुधारणा स्लाइडवर घ्यायची नाही. ती कॉलवर तोंडी सांगता येते, आणि स्लाइडवर तळाशी ‘बुधवार, संध्या. 5 पर्यंतची स्थिती’ असं लिहिलेलं असतंच. प्रॉडक्शन बंद पडलं किंवा क्लायंटला दिलेली तारीख हुकणार असली तर मात्र कटऑफ लागू नाही, लगेच फोन करायचा. हे मी मेसेजमध्ये लिहीत नाही, स्टँडअपमध्ये स्वतः सांगते.

रिव्ह्यू झाल्यावर ज्याच्या ओळीवर क्लायंट काही बोलला, त्याला ते त्याच चॅटवर त्याच रात्री कळवते. पुढच्या बुधवारी त्याची ओळ न मागता येते.