झोपेची गोळी पाकिटावरून कशी ओळखावी आणि तिच्यावर सवयीचा इशारा का असतो

घरातल्या औषधांच्या डब्यात झोपेची गोळी क्वचितच त्या नावाने असते. कुणी तिला ‘टेन्शनची’ म्हणतं, कुणी ‘पित्ताची’, कुणी ‘ती छोटी पांढरी’. म्हणून डबा तपासायला बसलात तर ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि स्ट्रिप उलटी करून उजेडात धरा. तिथे ‘टॅब्लेट्स आयपी’ या शब्दांच्या आधी औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक नाव असतं. एकाच औषधाची गोळी असेल तर नियमाने ते ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात असायला हवं.

आता त्या नावाचा शेवट वाचा. ‘झेपाम’ किंवा ‘झोलाम’ असा शेवट असेल तर गोळी बेंझोडायझेपिन गटातली किंवा तशाच परिणामाची आहे, असं धरा. डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, एटिझोलाम ही त्यातली आपल्याकडे नेहमी दिसणारी नावं. झोल्पिडेम आणि झोपिक्लोन यांचा शेवट वेगळा असला तरी त्या खास झोपेच्याच गोळ्या आहेत आणि मेंदूत त्याच जागी काम करतात. इथे एक घोटाळा हमखास होतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही ‘प्राझोल’वाली नावं अल्प्राझोलामसारखी ऐकू येतात, पण ती ॲसिडिटीची औषधं आहेत. शेवटचा ‘लाम’ आहे की नाही, ते बोट ठेवून वाचा.

सर्वात जास्त फसवतात त्या दोन औषधांच्या एकत्र गोळ्या. तिथे ‘इच टॅब्लेट कंटेन्स’नंतरची प्रत्येक ओळ वाचावी लागते. समजा आजींना पोटात मुरडा येतो म्हणून दिलेल्या गोळीवर ‘क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिग्रॅ, क्लिडिनियम ब्रोमाइड २.५ मिग्रॅ’ असं लिहिलंय. क्लिडिनियम आतड्यांचा मुरडा कमी करतं, पण पहिलं नाव बेंझोडायझेपिनचं आहे, शेवट ‘पाम’ नसला तरी. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे रोज १५ मिग्रॅ. दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री अल्प्राझोलाम दिली असेल, तर आजी एकाच गटाची दोन औषधं घेताहेत आणि दोघा डॉक्टरांना त्याचा पत्ता नाही. रात्री बाथरूमला उठताना तोल जाणं, दिवसा गुंगी, विसराळूपणा यांचं खापर मग वयावर फुटतं. क्लोनाझेपामही अशीच एस्सिटालोप्राम किंवा प्रोप्रानोलोलच्या जोडीने मिळते.

मिलिग्रॅमचा आकडा वाचा, पण लहान आकड्यावर विसंबू नका. अल्प्राझोलाम ०.५ मिग्रॅ ही ढोबळमानाने डायझेपाम १० मिग्रॅच्या तोडीची असते. शिवाय ०.२५ आणि ०.५ च्या स्ट्रिप्स दिसायला सारख्या असू शकतात. दुकानातून बदली ब्रँड आला की नाव आणि आकडा दोन्ही ताडून घ्या.

यानंतर खुणा बघा. लाल चौकटीतला इशारा म्हणजे औषध शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतलं आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम त्यात आहेत. ही औषधं विकताना दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव व दिलेली संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती ३ वर्षं जपावी लागते. ‘आरएक्स’च्या आधी ‘एन’ जोडलेला दिसला, तर ते औषध नार्कोटिक कायद्याखालीही येतं.

इतकी सावधगिरी कशासाठी? मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं आणि या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो. मग तीच मात्रा पुरेनाशी होते, आणि गोळी अचानक थांबली की सैल ब्रेकवर गाडी सुटते: झोप पूर्वीपेक्षा वाईट, धडधड, घाम, हातांना थरथर, काहींना झटकेही. हे मनाच्या कमकुवतपणाने होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्याच मात्रेत, काही आठवडे रोज घेतल्यानेही होतं. म्हणून झोपेसाठी ही औषधं साधारण २ ते ४ आठवड्यांपुरतीच योग्य मानतात.

आजी गावी गेल्या आणि स्ट्रिप घरी राहिली, तर अल्प्राझोलामचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होऊ शकतो. क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात रेंगाळतं, त्यामुळे त्याचा त्रास काही दिवसांनी उमटतो आणि तोवर गोळीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही.

म्हणून डब्यात असं नाव सापडलं तर ती गोळी त्याच दिवशी बंद करू नका. सगळ्या स्ट्रिप्स एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. ते मात्रा आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवतील. तोपर्यंत दारू, तसंच ट्रॅमाडोल किंवा कोडीन असलेलं औषध सोबत घेऊ नका, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. माणूस हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास संथ वाटला, तर स्ट्रिप सोबत घेऊन लगेच १०८ ला फोन करा. आणि स्ट्रिप कापताना नाव, आकडा, मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत राखा.