बारवेतली बुडी: फाइल उघडण्याआधीची तयारी

अ‍ॅनिमेशनचा शॉट सहा सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २४ च्या वेगाने १४४ फ्रेम: परकर खोचलेली दहा वर्षांची पोर घागर काढायला बारवेत बुडी मारते. परभणीकडच्या बारवांचे फोटो पाहून पायऱ्या काढून ठेवा. पाण्याखाली त्यांच्या कडा जितक्या खोल तितक्या पुसट होऊ द्या. परकर लालच हवा असेल तर खोल जाताना तो मळकट तपकिरी करा, कारण पाणी लाल रंग आधी खातं.

मग वेळ ठरवून ठेवा, कारण गडबड होते ती इथंच. जमिनीवरची हालचाल ताणून लांबवली की पोर पाण्यात नाही, झोपेत वाटते. पाण्यात जोर लावताना हालचाल जलदच असते, जोर सरला की ती मंदावते. म्हणून पायाच्या एका झटक्याला ८ फ्रेम आणि नंतरच्या घसरणीला २८ फ्रेम, असे चार झटके आखा. घसरणीत दोन चित्रांमधलं अंतर आधी भराभर, मग हळूहळू कमी करा. वेणीचे तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा ४ फ्रेम उशिरा वळवा. अंग थांबल्यावरही शेंडा पुढे सरकत राहिला तर जमलं.

बुडबुड्यांचा हिशोब कागदावर करून घ्या. काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर वर चढतो. पोर १२० सेंटिमीटरची आणि पडद्यावर ४०० पिक्सेल असेल, तर सेकंदाला ८३, म्हणजे फ्रेममागे साडेतीन पिक्सेल. मी पहिल्यांदा अंदाजाने १२ ठेवले होते. बारवेची सोड्याची बाटली झाली! तांदळाच्या कणीहून बारीक बुडबुडे याच्या निम्म्याहून कमी वेगाने, सरळ वर सोडा. मोठे नागमोडी जातात आणि बुडाशी चपटे दिसतात, त्यांना गोल काढू नका. वर येताना ते फुगवायचा मोहही टाळा: तीन मीटरांत व्यास दहा टक्क्यांच्या आसपासच वाढतो.

उजेडाआधी गाळाच्या कणांचा लेयर तयार हवा. कणच नसतील तर किरण दिसणार कशात? उजेडाचे पट्टे पाच-सहा पुरेत, कमीजास्त रुंदीचे, स्क्रीन मोडवर, ओपॅसिटी पंधरा टक्क्यांच्या आत, तळाला पोचण्याआधी विरणारे. एक-दोन पट्टे पोरीच्या पुढे ठेवा, नाहीतर ती पडद्यावर चिकटवल्यासारखी दिसते. प्रत्येकाचं लुकलुकणं वेगळ्या फ्रेमचं ठेवा, ४०, ५६, ७२ असं; सारखं ठेवलं तर ट्यूबलाइट फडफडल्यागत होतं.

कोनही आधी नक्की करा. बाहेर सूर्य कितीही कलला तरी शांत पाण्यात किरण उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरका जात नाही. त्यात बारवेच्या भिंती आड येतात. तळाच्या घागरीवर ऊन चमकवायचं असेल तर गोष्ट भर दुपारची लिहून घ्या.