लॉगच्या पोटात केवलमूल्य: समीकरण सोडवण्याआधीची तयारी

कागदावर एकच समीकरण घ्या: log₆|x − 2| + log₆(x + 3) = 1. सूत्र लावण्याआधी त्याच्या शेजारी प्रांत लिहून ठेवा, कारण इथल्या बहुतेक चुका प्रांत न लिहिल्यानेच होतात.

लॉगच्या आत येणारी संख्या धनच हवी. |x − 2| कधीच ऋण होत नाही, म्हणून तिथे फक्त x = 2 वर्ज्य. x + 3 ला मात्र केवलमूल्याचं संरक्षण नाही, त्यामुळे x > −3 ही अट लागतेच. आता संख्यारेषा काढून −3 आणि 2 वर पोकळ वर्तुळं करा. 2 हा बिंदू प्रांतातून वगळलेला आहे आणि केवलमूल्याचं चिन्हही तिथेच बदलतं, त्यामुळे प्रांताचे आपोआप दोन तुकडे पडतात: −3 < x < 2 आणि x > 2. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी जागा सोडा आणि त्याची अट सगळ्यात वर लिहा. ती अट उत्तर येईपर्यंत डोळ्यांसमोर राहायला हवी.

दोन्ही लॉग एकत्र केले की |x − 2|(x + 3) = 6 उरतं. x > 2 असताना (x − 2)(x + 3) = 6, म्हणजे x² + x − 12 = 0, आणि x = 3 किंवा −4. वरची अट −4 ला बाद करते, 3 राहतो. दुसऱ्या तुकड्यात |x − 2| = 2 − x, म्हणून (2 − x)(x + 3) = 6, त्यातून x² + x = 0, म्हणजे x = 0 किंवा −1. दोन्ही त्याच तुकड्यात बसतात. उकली तीन: −1, 0, 3.

केवलमूल्याच्या रेघा कंस समजून लिहिल्या तर फक्त 3 हाती लागतो आणि दोन खऱ्या उकली गळतात. तुकडे टाळून दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर उलटं होतं: −4 सुद्धा परत येतो, कारण तिथे गुणाकार −6 असतो आणि वर्गात ते वजाचं चिन्ह पुसलं जातं. म्हणून पडताळा मूळ समीकरणातच घ्या. −4 ठेवला की दुसरा लॉग log₆(−1) होतो आणि तो अस्तित्वातच नाही. −1 ठेवला की log₆3 + log₆2 = log₆6 = 1.

समीकरणात केवलमूल्य दिसत नसलं तरी सम घात शोधा. log₃x² = 4 इथे घात पुढे आणताना 2 log₃|x| असंच लिहायचं, तरच x = 9 आणि −9 दोन्ही मिळतात. 2 log₃x लिहिलं की प्रांत x > 0 एवढाच उरतो आणि −9 गळतो. याउलट मूळ प्रश्नातच 2 log₃x = 4 असेल, तर उत्तर एकटा 9.