रेड लावताय? या चुका टाळा

"दादा, चार टीबीच्या चार डिस्क घातल्या, मग अकराच टीबी कसे दिसतात?" रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा; तो लावणाऱ्यांचा महिन्यातून एकदा तरी हा फोन येतो. डिस्क विकत घेण्याआधी पाच मिनिटं कागदावर हिशोब केला, तर हा प्रश्न पडणारच नाही.

```
RAID 0    4 × 4        = 16 TB
RAID 5    (4 - 1) × 4  = 12 TB
RAID 6    (4 - 2) × 4  =  8 TB
RAID 10   (4 / 2) × 4  =  8 TB
```

रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला लागणारा हिशोब, खाते, म्हणून १२ टीबी उरतात. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे तेच १२ टीबी स्क्रीनवर १०.९ दिसतात. कुठे काही हरवलेलं नसतं. डिस्क वेगवेगळ्या आकाराच्या असतील, तर साध्या रेडमध्ये सगळ्या सर्वांत लहान डिस्कएवढ्याच धरल्या जातात.

खरी चूक यापुढची. हा तक्ता बघून लोक फक्त जागा बघतात आणि रेड ५ वर बोट ठेवतात.

एका फोटो स्टुडिओत असंच झालं होतं. चार टीबीच्या चार डिस्क, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या, रेड ५. एक डिस्क गेली आणि एनएएस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, बीप करायला लागला. आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी बीप बंद केला. फाइली उघडत होत्या, काम चालू होतं. तीन आठवड्यांनी मला बोलावलं. मी नवी डिस्क घातली, रिबिल्ड सुरू झालं आणि रात्री साठ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर दुसऱ्या डिस्कवरचे सेक्टर वाचता येईनात. अ‍ॅरे म्हणजे सगळ्या डिस्कचा संच बंद पडला.

हे का होतं ते समजून घ्या. गेलेली डिस्क परत भरायची, तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. दोन-तीन वर्षांत कुणी उघडल्याच नाहीत अशा फाइलींच्या जागाही त्यात आल्या. एखादा सेक्टर तिथे आधीच खराब झालेला असतो, तो नेमका तेव्हा सापडतो. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात, आणि लोक काम करत असतील तर बरेच जास्त. त्या वेळात रेड ५ कडे दुसरा आधार नसतो.

सेक्टर वाचता न आलेल्या त्या दुसऱ्या डिस्कची `ddrescue` ने नव्या डिस्कवर कॉपी काढली, ती कॉपी आणि उरलेल्या दोन डिस्क घेऊन `mdadm --assemble --force` ने अ‍ॅरे उभा केला. बहुतेक फोटो आले. काही लग्नांचे फोटो अर्धे करडे निघाले, ते कायमचे. अशा वेळी घाईघाईत `--create` मारून तो नव्याने बनवू नका. डिस्कचा क्रम किंवा चंक साइज चुकली आणि त्यावर रिबिल्ड झालं, तर उरलंसुरलंही जातं.

म्हणून चार मोठ्या डिस्क असतील तर मी रेड ५ लावत नाही. रेड ६ आणि रेड १० दोन्ही ८ टीबीच देतात, पण रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्हींवर तोच डेटा असतो; एक गेल्यावर उरलेल्या तीनपैकी तिची जोडीदार गेली की संपलं. उलट रिबिल्डला रेड १० फक्त त्या जोडीदाराची कॉपी काढतो, त्यामुळे ते लवकर उरकतं. लहान लहान लिखाणातही तोच वेगवान: एका लिखाणाला रेड १० ला दोन हालचाली लागतात, रेड ५ ला जुना डेटा व जुनी पॅरिटी वाचून दोन्ही नव्याने लिहायला चार, रेड ६ ला सहा. डेटाबेस असेल तर रेड १०, फोटो-व्हिडिओचा साठा असेल तर रेड ६.

रेड ० वर कामाचा डेटा ठेवूच नका. एक डिस्क गेली की सगळं जातं.

चुकून फाइल डिलीट केली, तर ती सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी जाते, म्हणून बॅकअप वेगळाच लागतो.

एक डिस्क गेलेल्या, डिग्रेडेड अ‍ॅरेमधून चांगली डिस्क उपसणारेही मी पाहिलेत. मी डिस्क बसवतानाच सिरियल नंबरची चिठ्ठी ट्रेवर चिकटवतो आणि काढण्याआधी `smartctl -i` मधला नंबर ताडून बघतो. इमेल अलर्ट सुरू करून एकदा चाचणीचा मेल येतो का तेही बघतो. आणि लिनक्सवर महिन्यातून एकदा हे चालवतो, म्हणजे खराब सेक्टर रिबिल्डच्या आधीच सापडतो:

```
echo check > /sys/block/md0/md/sync_action
cat /proc/mdstat
```

दुसऱ्या ओळीच्या उत्तरात `[UUUU]` हवं. `[UUU_]` दिसलं, तर नवी डिस्क त्याच दिवशी आणा, पण ती घालण्याआधी बॅकअप ताजा करा.