कोहॉर्ट तक्ता मांडण्याआधी हाताशी काय हवं

घरगुती मसाले ऑनलाइन विकणाऱ्याला कधी ना कधी प्रश्न पडतो, की जूनमध्ये पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकांपैकी ऑगस्टमध्ये किती जण परत आले? याचं उत्तर कोहॉर्ट तक्ता देतो. डावीकडे पहिल्या खरेदीचा महिना, वर ०, १, २ असे त्यानंतरचे महिने आणि चौकटीत परतलेल्या माणसांची संख्या. तक्ता मांडणं सोपं आहे, खरा वेळ त्याआधीच्या साफसफाईत जातो.

सगळ्यात आधी ऑर्डरींची पूर्ण यादी उतरवून घ्या आणि एक माणूस कशावरून ओळखायचा ते ठरवा. आपल्याकडे मोबाइल नंबर हीच बरी खूण. ईमेल अनेक जण भरतच नाहीत आणि नाव दर वेळी वेगळं लिहितात. मात्र एकच नंबर कधी +९१ लावून, कधी सुरुवातीला शून्य घालून, तर कधी मध्ये जागा सोडून आलेला असतो. शेवटचे दहा आकडे तेवढे ठेवा. हे राहून गेलं तर जुनं गिऱ्हाईक नवं म्हणून मोजलं जातं आणि परतणाऱ्यांची संख्या उगाच कमी दिसते. दुकानदार, एजंट किंवा घरचा स्वतःचा नंबर यादीत असेल तर तो बाजूला काढा. रद्द झालेल्या आणि कॅश ऑन डिलिव्हरीत दारातून परत आलेल्या ऑर्डरीही काढा, पण पहिला महिना शोधण्याच्या आधी. नाहीतर ज्याने पार्सल घेतलंच नाही त्याचीही ‘पहिली खरेदी’ धरली जाते.

तारखा खरोखर तारखा आहेत ना, तेही पाहा. ०३/०७ म्हणजे शीटच्या लेखी ३ जुलै की ७ मार्च? यादी यूटीसी वेळेत उतरली असेल तर साडेपाच तास मिळवा. १ जुलैला पहाटे दोनला आलेली ऑर्डर तिथे ३० जूनची दिसते.

आता यादी कुठून सुरू होते ते बघा. इथेच सर्वात मोठी फसगत होते. समजा, तुम्ही आधी व्हॉट्सॲपवर विकत होता आणि वेबसाइट जानेवारीत सुरू केली. जानेवारी-फेब्रुवारीत ‘पहिल्यांदा’ आलेले बरेच जण जुनेच, हक्काचे असणार. ते परत येतच राहतात, म्हणून वरच्या ओळी भरघोस दिसतात. खालच्या ओळीत खरे नवखे असतात, त्यामुळे धंद्याची पकड सुटत चालल्याचा भास होतो. जुन्या वहीतले नंबर मिळाले तर त्यांची खरी पहिली तारीख घाला, नाहीतर सुरुवातीचे काही महिने तक्त्यातून वगळा.

एवढं झालं की गूगल शीटमध्ये A रकान्यात नंबर आणि B मध्ये तारीख ठेवा. C मध्ये पहिला महिना काढायचा, D मध्ये त्यानंतर किती महिने गेले ते. तिसरं सूत्र तक्त्याच्या चौकटीसाठी आहे. F मध्ये पहिल्या महिन्यांची १ तारीख आणि पहिल्या ओळीत G पासून ०, १, २ लिहा.

```
=EOMONTH(MINIFS(B:B,A:A,A2),-1)+1
=(YEAR(B2)-YEAR(C2))*12+MONTH(B2)-MONTH(C2)
=COUNTUNIQUEIFS(A:A,C:C,$F2,D:D,G$1)
```

इथे माणसं मोजली जातात, ऑर्डरी नव्हेत. शून्याच्या रकान्याची बेरीज एकूण वेगळ्या नंबरांइतकी आली नाही, तर साफसफाईत काहीतरी राहिलंय.

टक्केवारीकडे वळण्याआधी अपुऱ्या चौकटी रिकाम्या करा. समजा, आज १० ऑक्टोबर आहे. जूनचे १२० नवे, त्यातले ऑगस्टमध्ये २४ परतले. जुलैचे ८०, त्यातले सप्टेंबरमध्ये १२. म्हणजे दुसऱ्या महिन्याचं प्रमाण २०० पैकी ३६, अर्थात १८ टक्के. ऑगस्टच्या २०० जणांचा दुसरा महिना ऑक्टोबर, तो अजून चालू आहे. आतापर्यंत आलेले १४ जण त्यात मिसळले तर ४०० पैकी ५०, म्हणजे १२.५ टक्के होतात. घसरण झालेलीच नाही, महिना संपायचा आहे.

महिन्याचं माप आपल्या मालाला बसतं का, हेही आधीच ठरवा. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी म्हणून दोन किलो कांदा-लसूण मसाला नेणारी बाई जूनमध्ये कशाला येईल? तिची ओळ बारा महिने रिकामी दिसली तरी ती गेली असं समजू नका. बेगमीवाले आणि पाव किलोचं पाकीट घेणारे यांचे तक्ते वेगळे करा. पाकीटवाल्यांचंही पाकीट दोन-अडीच महिने पुरत असेल तर महिन्याऐवजी तिमाही धरा. शिवाय ३० जूनला घेऊन २ जुलैला पुन्हा घेणारा तक्त्यात ‘पुढच्या महिन्यात परतलेला’ ठरतो. असे किती आहेत, ते एकदा चाळून घ्या.