व्हिजिटिंग कार्डचा फोटो काढून कॉन्टॅक्ट सेव्ह करताय? नागपूरच्या कार्डांवर या चुका टाळा

कार्डाच्या फोटोवरून नाव, हुद्दा, नंबर, ई-मेल आणि पत्ता आपोआप भरून देणारी ॲप्स आता भरपूर आहेत. इंग्रजी छापील अक्षरं ती बऱ्यापैकी बरोबर वाचतात. गडबड होते ती त्यापुढे, म्हणजे वाचलेला मजकूर कोणत्या रकान्यात टाकायचा हे ठरवताना. नागपूरच्या कार्डांवर ही गडबड फोन नंबरांत जास्त होते आणि त्याचं कारण आपल्या एसटीडी कोडमध्येच आहे.

लँडलाइनला मोबाइलचं लेबल लागतं

भारतातले मोबाइल नंबर १० आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. त्यामुळे '१० आकडे आणि सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे मोबाइल' असा सोपा नियम अनेक ठिकाणी वापरलेला असतो. पुण्यात तो चालून जातो. ०२० मधलं शून्य काढलं तर नंबर २० ने सुरू होतो, तो मोबाइल असूच शकत नाही. नागपूरचा कोड मात्र ०७१२. शून्य गळालं की ७१२ आणि पुढचे ७ मिळून बरोबर १० आकडे होतात, सुरुवातही ७ ने. नियमाच्या नजरेतून हा अस्सल मोबाइल नंबर. अमरावती ०७२१, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२. आपल्या भागातल्या या सगळ्या नंबरांची हीच अवस्था होते.

शून्य दोन ठिकाणी गळतं. काही कार्डांवर +९१ ७१२ असंच छापलेलं असतं, म्हणजे शून्य मुळातच नाही. दुसरं ठिकाण एक्सेल. ॲपमधून निघालेली सीएसव्ही फाइल सरळ डबल क्लिक करून उघडली की एक्सेल नंबरला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. ती फाइल सेव्ह करून पुन्हा फोनमध्ये घेतली की ऑफिसचा लँडलाइन मोबाइलच्या रकान्यात जाऊन बसतो. त्यावर पाठवलेला एसएमएस कुणालाच मिळत नाही, आणि आपण मात्र समोरचा उत्तर देत नाही म्हणून थांबून राहतो. म्हणून सीएसव्ही उघडताना डेटा मेनूतून इम्पोर्ट करा आणि नंबराच्या रकान्याचा प्रकार आधीच 'टेक्स्ट' ठेवा.

यादी आधीच बिघडली असेल, तर नंबर A रकान्यात आहेत असं धरून शेजारी हे सूत्र टाका:

```
=LEFT(RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,"-","")," ",""),10),3)="712"
```

जिथे TRUE येईल ते नंबर मूळ फोटोशी ताडून पाहा. ते सगळे डोळे झाकून लँडलाइन करू नका. कार्डावर नंबर कुठे तोडलाय ते बघा. ०७१२ नंतर डॅश असेल तर लँडलाइन, आणि पाच-पाच आकड्यांचे दोन गट असतील तर बहुधा मोबाइल. नुसत्या पुढच्या शून्यावरही जाऊ नका, कारण जुन्या कार्डांवर मोबाइलच्याही आधी शून्य छापलेलं सापडतं.

दोन भागीदार, एक कार्ड

हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन वर्कशॉपचं नेहमीच्या साच्यातलं कार्ड घेऊ. वर डावीकडे एका भागीदाराचं नाव आणि मोबाइल, उजवीकडे दुसऱ्याचं नाव, त्यापुढे बी.ई., आणि त्याचा मोबाइल. दोघांच्या नावाखाली 'पार्टनर'. खाली डावीकडे ऑफिसचा सीताबर्डीचा पत्ता, उजवीकडे वर्क्सचा हिंगण्याचा. शेवटच्या ओळीत ०७१२-२••••४१/४२ आणि ई-मेल.

ॲप बरेचदा हे कार्ड डावीकडून उजवीकडे सरळ ओळीत वाचतं. मग दोन्ही नावं जोडून एकच लांबलचक नाव तयार होतं, बी.ई. हुद्द्याच्या रकान्यात जातं, आणि पत्त्यात सीताबर्डी आणि हिंगणा एकमेकांत मिसळतात. ४२ तर गायबच होतो, कारण दोन आकड्यांचा फोन नंबर असू शकत नाही.

इथे फोटो पुन्हा पुन्हा काढून काही साधत नाही, अक्षरं आधीच नीट वाचली गेली आहेत. त्याच फोटोचे उभे दोन तुकडे करा, डावा वेगळा आणि उजवा वेगळा, आणि दोन वेगवेगळे कॉन्टॅक्ट बनवा. कंपनीचं नाव, लँडलाइन आणि ई-मेल दोन्हीकडे सारखे ठेवा. पदवी नावापुढे किंवा नोंदीत लिहा, हुद्दा फक्त 'पार्टनर'. तिरप्या रेघेनंतरचे आकडे म्हणजे आधीच्या नंबरातले शेवटचे तेवढे आकडे बदलायचे, म्हणून दुसरा नंबर ०७१२-२••••४२ असा पूर्ण लिहून घ्या. दोन पत्त्यांमधली सीमा पिन कोडवर सापडते: ४४००१२ ला सीताबर्डीचा पत्ता संपला, ४४००१६ ला हिंगण्याचा. दोन्ही ठेवा आणि लेबलं 'ऑफिस' आणि 'वर्क्स' अशीच द्या. माल पोचवायला निघालेला माणूस सीताबर्डीच्या ऑफिसखाली टेम्पो घेऊन उभा राहू नये.

रस्त्याचं नाव शहराच्या रकान्यात

वर्धा रोड, अमरावती रोड, उमरेड रोड, काटोल रोड. नागपुरात निम्म्या शोरूमचे पत्ते असेच. ॲपला 'वर्धा' ओळखीचं शहर दिसतं आणि पुढचं 'रोड' न बघता ते शहर म्हणून भरतं. निवाडा पिन कोडनं करा. ४४० ने सुरू होत असेल तर नागपूर शहर, ४४२००१ असेल तर खरोखर वर्धा. उमरेडचा ४४१२०३. पिन आणि शहर जुळत नसेल तर पिनवर विश्वास ठेवा, पण त्याचे सहाही आकडे फोटोत पाहून घ्या. ४४० ०१० असा मधे जागा सोडून छापलेला पिन कधीकधी फोनच्या रकान्यातही जातो, तेही बघा.

ई-मेल

ई-मेलमध्ये एक अक्षर चुकलं की सगळंच गेलं. इंग्रजी r आणि n चिकटून m होतात, लहान l चा १ होतो, ओ चं शून्य होतं, आणि पत्त्याखाली रेघ मारलेली असेल तर अंडरस्कोअर त्या रेघेत बुडतो. त्याच कार्डावर वेबसाइट छापलेली असेल तर @ नंतरचा भाग तिच्याशी अक्षरशः जुळवून पाहा. बहुतेक चुका तिथेच उघड्या पडतात. @ च्या आधीचा भाग मात्र फोटो मोठा करून स्वतःच वाचावा लागतो.

मागची मराठी बाजू

इतवारी, गांधीबाग भागातल्या बऱ्याच कार्डांची एक बाजू मराठी किंवा हिंदीत असते. ॲप फक्त इंग्रजीवर लावलेलं असेल तर त्या बाजूची निव्वळ खिचडी होते. भाषेत मराठीही निवडा. टेसरॅक्ट वापरत असाल तर असं:

```
tesseract card.jpg out -l mar+eng
```

देवनागरी आकडे १ आणि ९ बारीक छपाईत सारखे दिसतात, त्यामुळे त्या बाजूचा नंबर इंग्रजी बाजूच्या नंबराशी आकडा-आकडा ताडूनच सेव्ह करा. दोन्हींत फरक निघाला तर कार्ड देणाऱ्यालाच एक फोन करून विचारा.