वार्षिक अहवालाचा सारांश देणगीदारांसाठी लिहिताय? या चुका टाळा

एखाद्या सामाजिक संस्थेच्या वार्षिक अहवालात असं वाक्य हमखास सापडतं: ‘शालेय वाचनालय उपक्रमाने यंदा मोठी झेप घेतली असून 40 शाळांसाठी 32 लाखांचा निधी मिळाला आहे आणि आतापर्यंत 9,600 मुलांना त्याचा लाभ झाला आहे.’ सारांश लिहिणारा हेच वाक्य थोडं आटोपशीर करतो आणि देणगीदारांना पाठवून देतो. वाचणाऱ्याला वाटतं, यंदा 32 लाख खर्चून 40 वाचनालयं झाली आणि 9,600 मुलं वाचू लागली. वाक्यात यातलं काहीच म्हटलेलं नाही. 40 हा संकल्प आहे, 32 लाख ही मंजुरी आहे आणि 9,600 ही उपक्रम सुरू झाल्यापासूनची बेरीज. तीन वेगवेगळ्या काळांतले तीन आकडे एका पूर्णविरामाच्या आत आले, एवढंच.

हे उदाहरण रचलेलं आहे, पण अशी सरमिसळ खऱ्या अहवालांत पानोपानी भेटते. याच एका उपक्रमाचे आकडे शेवटपर्यंत धरून बघू.

पहिली चूक: अध्यक्षांच्या मनोगतापासून सुरुवात करणं

मनोगत सगळ्यात शेवटी लिहिलं जातं, बहुतेक वेळा छपाईच्या तोंडावर. आर्थिक वर्ष संपल्यावर लेखापरीक्षण पूर्ण व्हायला काही महिने जातात आणि त्या काळात संस्थेचं काम काही थांबलेलं नसतं. त्यामुळे मनोगतात ‘23 वाचनालयं सुरू झाली’ असं येतं आणि परिशिष्टातला तक्ता 18 म्हणतो. दोन्ही खरं आहे. 18 वाचनालयं वर्षअखेरपर्यंत सुरू झाली होती, आणखी 5 ठिकाणी पुस्तकं पोहोचली होती, पण उद्घाटन वर्ष संपल्यावर झालं.

म्हणून वाचनाचा क्रम उलटा ठेवा. आधी लेखापरीक्षित हिशेबपत्रकं आणि त्यांच्या टिपा, मग परिशिष्टातले तक्ते, मग उपक्रमांची वर्णनं आणि सगळ्यात शेवटी मनोगत. वाचताना प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारायचा: ही गोष्ट अहवालाच्या वर्षाच्या शेवटच्या तारखेपर्यंत घडली होती का? घडली असेल तर फलित. नसेल तर ती पुढच्या कामात जाते, मग उद्घाटनाचा फोटो कितीही देखणा असो. ती 5 वाचनालयं सारांशात सांगायला हरकत नाही, फक्त ‘वर्ष संपल्यानंतर सुरू झाली’ असं लिहून. ती आत्ता 18 मध्ये मिळवली तर पुढच्या वर्षीच्या सारांशातही ती पुन्हा मोजली जातात आणि दोन्ही सारांश शेजारी ठेवणाऱ्या देणगीदाराच्या ते लगेच लक्षात येतं.

दुसरी चूक: ‘आतापर्यंत’ला ‘यंदा’ समजणं

9,600 मधली यंदाची मुलं किती, हे अहवालात सरळ लिहिलेलं नसेल तर मागच्या वर्षीचा अहवाल उघडा. त्यात 6,100 असेल तर फरक 3,500. पण वजाबाकी करून थांबू नका. मोजण्याची पद्धत मध्येच बदललेली असू शकते, म्हणून हा आकडा दुसऱ्या बाजूनेही तपासायचा.

3,500 ला 18 ने भागलं तर एका वाचनालयामागे साधारण 194 मुलं येतात. हा आकडा शाळांच्या सरासरी पटसंख्येच्या आसपास असेल, तर संस्थेने वाचणारी मुलं न मोजता शाळेतली सगळी मुलं मोजली आहेत, असं समजायला जागा आहे. अशा वेळी प्रकल्प समन्वयकाकडे पुस्तक देवघेवीची नोंद मागायची. समजा तिथे दिसलं की वर्षभरात निदान एक पुस्तक घरी नेणारी मुलं 1,250 आहेत. मग सारांशात दोन्ही आकडे द्या: वाचनालय असलेल्या शाळांत 3,500 मुलं शिकतात, त्यांपैकी 1,250 मुलांनी पुस्तकं घरी नेली. कार्यकारिणीतलं कोणीतरी म्हणणार, ‘अहो, लहान आकडा कशाला द्यायचा?’ माझं मत उलटं आहे. त्या पानावर देणगीदाराला खरोखर काही सांगणारा आकडा हाच आहे. मुलांचं वाचन सुधारलं का, हा त्याच्याही पुढचा प्रश्न. त्याची आधी आणि नंतर अशी चाचणी घेतलेली नसेल, तर ‘वाचनक्षमता वाढली’ हे शब्द सारांशात येता कामा नयेत.

तिसरी चूक: मंजूर, मिळालेले आणि खर्च झालेले पैसे एकच धरणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ. मंजुरी 32 लाखांची, दोन वर्षांसाठी. त्यांपैकी यंदा हातात आले 20 लाख. खर्च झाले 14.2 लाख. म्हणजे 5.8 लाख वर्षअखेरीस शिल्लक. सारांशाच्या ‘खर्च’ भागात फक्त 14.2 लाख जातात. उरलेले 12 लाख अजून यायचे आहेत आणि सहसा पहिल्या हप्त्याच्या विनियोगाचा अहवाल मान्य झाल्यावरच ते मिळतात. म्हणून त्यांची जागा पुढच्या योजनांत, तीही या अटीसकट.

आता उत्पन्न-खर्च पत्रक उघडलंत की 14.2 लाख दिसत नाहीत. तिथे या उपक्रमापुढे 9.2 लाख असतात. घाबरायचं कारण नाही. यंदा पुस्तकं पोहोचवायला 5 लाखांचं वाहन घेतलं. वाहन ही मालमत्ता, म्हणून ते ताळेबंदात स्थावर-जंगम मालमत्तेच्या तक्त्यात गेलं. जमाखर्च पत्रकात मात्र प्रत्यक्ष पैसे गेले तेवढे सगळे दिसतात. 9.2 अधिक 5, हिशेब जुळला. काही संस्था अनुदानातून घेतलेली वस्तू वेगळ्या रीतीने दाखवतात किंवा घसारा वर्षागणिक टाकतात. तुमच्या संस्थेची रीत कोणती, हे लेखाविषयक धोरणांच्या टिपेत लिहिलेलं असतं. जमाखर्च, उत्पन्न-खर्च आणि ताळेबंद यांतले आकडे वेगवेगळे दिसले तर आधी चार कारणं शोधा: मालमत्ता खरेदी, शिल्लक अनुदान, येणी-देणी आणि वस्तुरूपात मिळालेली मदत. बहुतेक फरक यांतच सापडतो. नाही सापडला तर हिशेबनिसाला विचारायचं. स्वतःच्या मनाने गोळाबेरीज जुळवायची नाही.

त्या 5.8 लाखांचंही नीट बघा. पुष्कळ संस्था ही रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला ‘खर्च न झालेलं अनुदान’ म्हणून दाखवतात. पण पूर्ण 20 लाख यंदाचं उत्पन्न म्हणून घेतले असतील, तर उत्पन्न-खर्च पत्रकात आधिक्य फुगलेलं दिसतं. सारांशात ते ‘यंदा संस्थेकडे शिल्लक राहिली’ असं आलं, की देणगीदार विचारणार, मग आमच्याकडे कशाला मागता? त्याला सांगायचं ते असं: हे पैसे वाचनालयांसाठीच बांधलेले आहेत, दुसरीकडे वापरता येत नाहीत.

आणखी एक मोह टाळा. 14.2 लाखांना 18 ने भागून ‘एका वाचनालयाला सुमारे 79 हजार’ असं लिहू नका. या रकमेत पुढे बरीच वर्षं चालणारं वाहन आहे आणि न उघडलेल्या 5 वाचनालयांची पुस्तकंही आहेत. दर काढायचाच असेल तर आधी ते दोन खर्च वेगळे करावे लागतात.

प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीबद्दल थोडक्यात. ती दिली तर तिच्यात काय धरलंय तेही द्या, कारण समन्वयकाचा पगार एक संस्था कार्यक्रमात टाकते आणि दुसरी कार्यालयात. संस्थांची माहिती देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संघटनांनी 2013 मध्ये देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं होतं की केवळ या टक्क्यावर संस्था जोखू नका.

चौथी चूक: योजनांना पैशाची बाजू न जोडणं

अहवालातल्या ‘आगामी काळात’ या प्रकरणात सगळी स्वप्नं एका रांगेत उभी असतात. सारांशात त्यांच्यामागे पैसा किती पक्का आहे, त्याप्रमाणे ती वेगळी करायची. उरलेल्या 17 वाचनालयांसाठी शिल्लक 5.8 लाख हातात आहेत आणि 12 लाख अटीवर येणार आहेत. मुलांसाठी ध्वनिपुस्तकं काढण्याचा विचारही अहवालात असेल, पण त्याला अजून एक पैसाही मिळालेला नाही. ही दोन्ही कामं ‘करणार आहोत’ या एकाच क्रियापदाखाली घालू नका. पहिलं ‘करणार आहोत’, दुसरं ‘निधी मिळाल्यास करू’.

आणि मागच्या वर्षीच्या अहवालातलं हेच प्रकरण काढून बघा. त्यात यंदा 25 वाचनालयं असं लिहिलं असेल तर सारांशात तेही आलं पाहिजे. फलितांच्या भागात, एका ओळीत, कारणासह. संस्थेतून या ओळीला विरोध होतो. पण जुना अहवाल देणगीदारांच्या हातात असतोच.

हे सगळं करून झाल्यावर मूळच्या त्या एका वाक्याचा सारांश असा होतो:

यंदा काय झालं: वर्षअखेरपर्यंत 18 शाळांत वाचनालयं सुरू झाली. ठरवली होती 25. पुस्तकांची खरेदी लांबल्याने 7 मागे राहिली. या शाळांत 3,500 मुलं शिकतात, त्यांपैकी 1,250 मुलांनी पुस्तकं घरी नेली.

खर्च किती झाला: 14.2 लाख, त्यांपैकी 5 लाख पुस्तकांच्या वाहनासाठी. मिळालेल्या 20 लाखांपैकी 5.8 लाख शिल्लक असून ते याच उपक्रमासाठी राखीव आहेत.

पुढे काय: 5 वाचनालयं वर्ष संपल्यानंतर सुरू झाली. उरलेली 17 पुढच्या वर्षी, शिल्लक रक्कम आणि मंजूर झालेल्या पण अजून न मिळालेल्या 12 लाखांतून. ध्वनिपुस्तकांसाठी निधी मिळालेला नाही.

पाठवण्याआधी हा मजकूर दोघांना दाखवा: मधला भाग हिशेबनिसाला, पहिला आणि तिसरा प्रकल्प समन्वयकाला. प्रत्येक आकड्यापुढे अहवालातला पान क्रमांक पेन्सिलीने लिहून द्या, म्हणजे त्यांनाही शोधत बसावं लागत नाही. ज्या आकड्याला पानच सापडत नाही, तो काढून टाका.